मेडिकल जॉइनिंगच्या दिवशी म्हणतात, मग राजीनामा कधी देऊ?

चाकणचा_मीटरवाला

नमस्कार मंडळी. सध्या चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे, नऊ वर्षं झाली. महाडच्या एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याकडून ऑफर आलीय. पगार चांगला, आणि गाव पोलादपूर असल्यामुळे आईवडिलांजवळ राहता येईल.

ऑफर लेटरच्या दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात दोन कलमं आहेत. कलम ७: 'कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तंदुरुस्त ठरवल्यासच नेमणूक कायम राहील, तपासणी रुजू होण्याच्या दिवशी होईल.' कलम ९: 'कागदपत्रे व पूर्वेतिहासाची पडताळणी समाधानकारक असावी.' कोणत्या तपासण्या, कोणती कागदपत्रं, एक शब्द नाही.

माझा नोटीस पिरियड ६० दिवस. त्यांनी रुजू व्हायची तारीख दिलीय ६५ दिवसांनी. म्हणजे आज-उद्या राजीनामा टाकायचा, दोन महिन्यांनी इथून सुटायचं, महाडला बिऱ्हाड हलवायचं आणि मग त्यांचा डॉक्टर सांगणार मी चालतो की नाही. तिथे 'नाही' आलं तर मी दोन्हीकडून गेलो.

एचआरच्या मॅडम बोलायला चांगल्या आहेत. पण 'मेडिकलमध्ये काय काय असतं?' असं विचारलं की समोरच्याला वाटणार याला काहीतरी आजार आहे. तर हे नीट, संशय न येता कसं विचारायचं? विचारावं का?

खाडीकाठ

विचारा बिनधास्त. लग्नात पत्रिका मागतात तेव्हा कुठे कुणाला संशय येतो! :D

सरळमार्गी

एवढं घाबरायचं काय? ऑफर लेटर म्हणजे करार. सही झाली की कंपनी मागे फिरू शकत नाही. फिरली तर सरळ लेबर कोर्टात खेचा.

शिल्पा_ठाणे

सरळमार्गी, तुमचं अर्धं बरोबर आहे. विनाअट ऑफर असती तर बोलायला जागा होती. ही ऑफरच 'तंदुरुस्त ठरल्यास' अशी आहे, त्यामुळे अनफिट आला तर कंपनी म्हणणार आम्ही करार मोडलाच नाही. शिवाय इंजिनिअरच्या पदावरच्या माणसाला लेबर कोर्टात 'कामगार' म्हणून उभं राहता येईल का, यावरच पहिली दोन वर्षं जातील.

चाकणकर, मी अठरा वर्षं एचआरमध्ये आहे, त्यातली अकरा कारखान्यांत. हा प्रश्न आम्हाला दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही. 'मेडिकलमध्ये काय असतं' असं नुसतं विचारलं तर कुतूहल वाटतं, हे मात्र खरं. त्याऐवजी तारखांच्या अंगाने विचारा. तुमची अडचण तब्येत नसून नोटीस पिरियड आहे, आणि ती अडचण प्रत्येक एचआरला कळते, कारण आम्हीही नोकऱ्या बदलतो.

तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. तपासणी राजीनाम्याआधी व्हावी. निकाल लेखी मिळावा. आणि रुजू व्हायची तारीख ऑफरच्या दिवसापासून न मोजता त्या लेखी होकारापासून मोजली जावी. तिसरी लोक विसरतात. तुमच्याकडे ६५ वजा ६०, म्हणजे फक्त पाच दिवस शिल्लक आहेत. तपासणी, रिपोर्ट आणि डॉक्टरची सही यांना आठ-दहा दिवस लागले की ते पाच दिवस संपले. मग घाईघाईत निकालाआधीच राजीनामा टाकला जातो, आणि सगळी खटपट वाया.

गल्फवाले_काका

मेडिकल म्हटलं की मला आमचे दिवस आठवतात. मुंबईत ठरलेल्या सेंटरवरच जावं लागायचं, बाहेरचा रिपोर्ट चालायचा नाही. छातीच्या एक्स-रेवर जुन्या टीबीचा व्रण दिसला म्हणून माझ्या रूमपार्टनरचा व्हिसा गेला. औषधं पूर्ण होऊन सहा वर्षं झाली होती! तेव्हा आधी चांगल्या एजंटला गाठा.

चाकणचा_मीटरवाला

काका, मी महाडला चाललोय, मस्कतला नाही. :)

खाडीकाठ

घाटातले खड्डे बघता व्हिसा लागला तरी नवल नाही.

औषधपाणी

काकांचं उदाहरण अगदीच अस्थानी नाही, त्याच्याकडे येतो. मी दोन रसायन कारखान्यांचा वैद्यकीय अधिकारी आहे (हा कारखाना त्यांत नाही, आधीच सांगून ठेवतो).

हे कलम ७ कंपनीच्या मर्जीने आलेलं नाही. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात माणसाला अशा कामावर लावण्याआधी तपासायचं, ही अट भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये आली. म्हणून 'मेडिकल नको' असा पर्याय नाही. पण ती रुजू होण्याच्या दिवशीच करावी असं कुठे म्हटलेलं नाही. ती बहुतेक ठिकाणी सोय म्हणून त्या दिवशी ठेवतात: माणूस आलाच आहे, उरकून घ्या.

अशा कारखान्यात साधारण काय असतं ते सांगतो. उंची, वजन, बीपी. रक्त, लघवी, साखर. छातीचा एक्स-रे, ईसीजी. फुंकर मारायची फुफ्फुसांची चाचणी. कानांची ऑडिओमेट्री. डोळ्यांत लांबचं, जवळचं आणि रंग. उंचीवर चढायचं काम असेल तर तोल आणि चक्कर. निकाल फक्त फिट-अनफिट असा दोनच रंगांचा नसतो. 'तात्पुरता अनफिट' हा शेरा आम्ही सगळ्यात जास्त देतो, आणि त्यातले बरेचसे साखर नाहीतर बीपीमुळे. औषध सुरू करून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतो. चौथा शेरा म्हणजे 'अटींसह फिट'. अमुक काम देऊ नये, बाकी चालेल.

आता तुमच्या दृष्टीने बघा. रुजू होण्याच्या दिवशी 'तात्पुरता अनफिट' आला तर तो महिना तुम्ही बिनपगारी घरी. हाच शेरा राजीनाम्याआधी आला तर चाकणला पगार चालू असताना गोळ्या घ्याल आणि पुन्हा जाल. एचआरला काहीच सांगायची गरज नसते, तारीख पुढे जाते इतकंच.

काकांच्या पार्टनरसारखा जुना व्रण असेल तर जुनी फिल्म आणि औषधं पूर्ण केल्याचा कागद सोबत न्यावा. दोन फिल्म शेजारी धरून व्रणात बदल नाही हे दिसलं की इथल्या बहुतेक कारखान्यांत प्रश्न मिटतो. नुसती नवी फिल्म बघून डॉक्टरला ते कळत नाही.

सरळमार्गी

आणि एचआयव्ही? माझ्या भाच्याच्या यादीत होती. ही तर सक्तीच झाली.

औषधपाणी

नोकरीसाठी पूर्वअट म्हणून ती चाचणी करता येत नाही. २०१७ चा कायदा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू. पॅथॉलॉजी लॅबची तयार पॅकेजेस असतात, त्यात ती घुसलेली असते आणि एचआरने यादी न वाचताच पुढे ढकललेली असते. भाच्याने 'ही चाचणी यादीत चुकून आली असावी' एवढं लिहिलं तरी काढतील.

चाकणचा_मीटरवाला

डॉक्टरसाहेब, शिल्पाताई, आभार. आता खरं सांगतो, कारण तसं सांगितल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही. साखर, बीपी ठीक आहे. मला लाल-हिरव्याचा थोडा घोळ आहे. डिप्लोमाला असताना एका शिबिरात ते ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं होतं. पहिल्या पानावरचा १२ दिसला. दुसऱ्या पानावर सगळे ८ म्हणत होते, मला ३ दिसत होता. मित्र हसले, मला वाटलं हेच माझी फिरकी घेतायत.

नऊ वर्षांत कामात अडलं नाही. वायरीला नंबरचे फेरूल असतात, पॅनलवरचा दिवा कुठल्या जागी आहे त्यावरून कळतं. पण रसायन कारखान्यात काय करतील?

खाडीकाठ

म्हणजे सिग्नलला वर की खाली बघून गाडी थांबवता? चाकणच्या ट्रॅफिकचं कोडं आज सुटलं.

बोटीवरचा

बोटीवर हे चालत नाही. रात्री समोरच्या बोटीचा लाल दिवा की हिरवा, यावर ती कुठल्या बाजूला चाललीय ते ठरतं. आमच्या बॅचचा एक मुलगा डेकवरून यामुळेच बाद झाला. रंगीत काच लावून फसवायला गेला होता, डॉक्टरने आधी लेन्स काढायला लावली. तुम्ही तसलं काही करू नका.

औषधपाणी

बोटीवरच्या भाऊंशी सहमत, पण कारखान्याचा निकष बोटीचा नसतो. ठिपक्यांचं पुस्तक फक्त चाळणी आहे. ८ ऐवजी ३ दिसणं म्हणजे लाल-हिरव्यात दोष आहे एवढं कळतं, तो किती आहे ते त्यातून नीट कळत नाही. त्यासाठी रंगीत चकत्या क्रमाने लावायची डी-१५ नावाची चाचणी असते. सौम्य दोष असलेले बरेच जण ती पार करतात. मोठ्या नेत्र रुग्णालयात ती होते, तुम्ही स्वतः आधी करून घ्या. आणि ठिपक्यांची पानं दिवसाच्या उजेडात बघायची असतात. पिवळ्या दिव्याखाली दाखवली तर निकाल बिघडतो, हे त्यांच्या डॉक्टरला नम्रपणे म्हणू शकता.

खरा प्रश्न कामाचा आहे. प्रयोगशाळेत टायट्रेशनचा रंग ओळखायचा असेल तर मी अशा माणसाला पाठवणार नाही. ट्रान्समीटर कॅलिब्रेट करायचे, कंट्रोल रूममध्ये डीसीएसवर लूप बघायचे, तर स्क्रीनवरचे अलार्म फक्त रंगाने वेगळे आहेत की सोबत अक्षर, आवाज, लुकलुकणंही आहे, हे बघेन. महाडचे डॉक्टर काय बघतील ते मी सांगू शकत नाही. म्हणूनच हे राजीनाम्याआधी कळायला हवं.

नाव_तेच_मी_तीच

मेडिकलवर एवढं चाललंय, पण कलम ९ कडे कुणी बघत नाहीये. मला मेडिकलने नाही, कागदांनी रडवलं.

पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ते मला माहीत होतं, लग्नाचा दाखला तयार ठेवला होता. अडले भलतीकडेच. पडताळणीवाल्यांनी पीएफची सर्व्हिस हिस्टरी काढली. त्यात दोन नोकऱ्यांमागच्या कंपनीने माझी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. कागदावर मी तीन वर्षं एकाच वेळी दोन कंपन्यांत कामाला! नव्या कंपनीची मेल आली, 'दुहेरी नोकरीबाबत खुलासा करा.' तेव्हा माझ्या नोटीसचे चाळीस दिवस सरले होते. रात्री झोप नाही.

शेवटी ईपीएफओच्या पोर्टलवर Manage मधल्या Mark Exit मध्ये जाऊन मीच तारीख भरली. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटलेले असले की आपणच भरू शकतो, फक्त तारीख त्या शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातली लागते. दहा मिनिटांचं काम. आधी बघितलं असतं तर ते चाळीस दिवस सुखाने गेले असते. चाकणकर, आज रात्रीच View मध्ये Service History उघडा.

शिल्पा_ठाणे

हे सोन्यासारखं लिहिलंत ताई. यात एक गाठ आहे ती सांगते. सध्याच्या कंपनीची चौकशी राजीनाम्याआधी होऊ शकत नाही, आणि होऊ देऊही नका. पडताळणीवाल्यांचा फोन तुमच्या साहेबाला गेला तर राजीनाम्याआधीच बभ्रा. म्हणून मेलमध्ये पडताळणी दोन तुकड्यांत मागा: शिक्षण, ओळख आणि आधीच्या कंपन्या आत्ता, सध्याची कंपनी रुजू झाल्यावर.

दुसरं, रिलीव्हिंग लेटर. नवे म्हणतात पहिल्या दिवशी आणा, जुने म्हणतात हिशेब पूर्ण झाल्यावर देऊ, म्हणजे महिना-दीड महिना. राजीनामा स्वीकारल्याची मेल आणि शेवटच्या दिवसाची नोंद तूर्त चालेल का, हे आत्ताच विचारून ठेवा.

मेल इंग्रजीतच जाईल, मजकूर साधारण असा ठेवा:

'मॅडम, ऑफरबद्दल आभार. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे आणि एकदा राजीनामा दिला की इथली जागा भरली जाईल. म्हणून कलम ७ ची वैद्यकीय तपासणी आणि कलम ९ मधली, सध्याची कंपनी सोडून, बाकी पडताळणी राजीनाम्याआधी होऊ शकेल का? तपासण्यांची आणि कागदपत्रांची यादी कळवलीत तर मी तयारीने येईन, पुढच्या आठवड्यातली कोणतीही तारीख मला चालेल. दोन्हींबाबत आपला होकार मेलवर मिळाला की त्याच दिवशी राजीनामा देईन. रुजू होण्याची तारीख त्या दिवसापासून ६५ दिवसांनी धरावी, ही विनंती. रिलीव्हिंग लेटर यायला उशीर झाल्यास राजीनामा स्वीकारल्याची मेल तात्पुरती चालेल का, तेही कळवावे.'

यात आजाराचा 'आ' नाही. मेल पाठवून दुसऱ्या दिवशी फोन करा. फोनवर मिळालेला होकार मात्र होकार धरू नका.

सरळमार्गी

पण रंगाचं आधीच सांगून टाकावं की. लपवलं आणि नंतर कळलं तर काढतील.

बोटीवरचा

न विचारता कशाला सांगायचं? मुलाखतीत विचारलं नाही, लेटरमध्ये नाही.

शिल्पा_ठाणे

मेलमध्ये लिहू नका, मेल दहा जणांना फॉरवर्ड होते. तपासणीच्या वेळी फॉर्ममध्ये विचारलं तर खरं लिहा. खोटं लिहिलेलं निघालं तर तेवढं एक कारण नोकरी घालवायला पुरतं, दोष कितीही किरकोळ असो.

औषधपाणी

माझं मत थोडं वेगळं. फॉर्ममध्ये विचारलं नाही तरी डॉक्टरला तोंडी सांगा. डॉक्टरला आधी कळलं तर तो कामाबद्दल विचारतो. पुस्तक उघडल्यावर कळलं तर शेरा मारून मोकळा होतो. मीही गर्दीच्या दिवशी तेच करतो, खोटं कशाला बोलू.

एक राहिलं. ऑडिओमेट्रीच्या आधी १४ ते १६ तास गोंगाटापासून लांब राहा. प्रेस शॉपमधली रात्रपाळी करून थेट तपासणीला आलेल्या माणसाचे कान हमखास वाईट येतात. साप्ताहिक सुटीच्या दुसऱ्या दिवशीची तारीख मागा.

चाकणचा_मीटरवाला (अकरा दिवसांनी)

अपडेट देतो.

मेल शिल्पाताईंच्या मजकुराची पाठवली. दोन दिवस उत्तर नाही, माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्या दिवशी फोन केला तर मॅडम म्हणाल्या, 'अहो, त्यात काय, डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी असतात, कधी येता?' एवढंच. इतके दिवस मी उगाच जीव टांगणीला लावला होता. यादी पीडीएफमध्ये आली, बरीचशी डॉक्टरसाहेबांनी सांगितली तीच.

त्याआधी पुण्यात डी-१५ करून घेतली, पास. पंधरा चकत्यांत फक्त एक जोडी उलटी लागली, ती चालते म्हणाले. पीएफ बघितला, तिथे सगळं जागेवर.

शुक्रवारी महाडला गेलो. डॉक्टर वयस्कर होते. पुस्तक काढायच्या आधीच सांगितलं आणि डी-१५ चा रिपोर्ट पुढे ठेवला. त्यांनी तरी पुस्तक दाखवलंच. ८ अजूनही ३ च आहे! मग खिडकीजवळ नेऊन टेबलावरच्या केबलच्या तुकड्यांतून लाल, हिरवी, तपकिरी वेगळी काढायला लावली. तपकिरी आणि हिरवीला वेळ लागला, पण काढली.

शेरा आला: 'अटींसह फिट. केवळ रंगावरून ओळखायची कामे देऊ नयेत.' पडताळणीचा पहिला तुकडा क्लिअर झाल्याची मेलही आलीय. तारीख वाढवून दिली, होकाराच्या मेलपासून ६५ दिवस. पण वैद्यकीय होकाराच्या मेलमध्ये लिहिलंय, 'अटीबाबत विभागप्रमुखांची संमती घेऊन कळवू.' म्हणजे होकार झाला की नाही?

सरळमार्गी

फिट लिहिलंय ना? टाका राजीनामा.

शिल्पा_ठाणे

नाही. 'कळवू' म्हणजे अजून कळवलेलं नाही. विभागप्रमुखांची एक ओळ येईपर्यंत थांबा. तारीख त्या होकारापासून मोजणार असल्यामुळे तुमचं थांबण्यात काही जात नाही. सोमवारी आठवणीची दोन ओळींची मेल टाका.

औषधपाणी

त्या विभागप्रमुखाशी स्वतः बोलता आलं तर बघा. फेरूल नंबरवरून काम कसं करता हे तुम्ही सांगितलेलं त्याला जास्त पटेल. पण एचआरला विचारून. परस्पर नको.

नाव_तेच_मी_तीच

आणि रिलीव्हिंग लेटरचं काय म्हणाले?

चाकणचा_मीटरवाला

त्याचं उत्तरच दिलेलं नाही. सोमवारच्या मेलमध्ये तेही पुन्हा घालतो.

खाडीकाठ

घाला. तपकिरी की हिरव्या शाईत, ते मात्र दुसऱ्या कुणाला विचारून.